बापूंनी हळदीचा भाव बांधला

हळदीचा भाव किती झपाट्याने पालटतो, हे 2023 साली सगळ्यांनी पाहिलं. वर्षाच्या सुरुवातीला क्विंटलला सात हजारांच्या आसपास रेंगाळणारी हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या घरात गेली. अशा बाजारात पुढच्या हंगामाचा माल आजच्या भावात बांधून ठेवण्याच्या व्यवहाराला हेजिंग म्हणतात. तो नेमका कधी उपयोगी पडतो आणि कधी अंगाशी येतो, हे एका दुकानदाराच्या तीन वर्षांच्या गोष्टीतून पाहू. गोष्ट रचलेली आहे आणि तिच्यातले भाव सोप्या हिशेबासाठी धरलेले आहेत; व्यवहाराची रीत मात्र खरी आहे.

बापूंचं कोल्हापुरात किराणा-मसाल्याचं दुकान आहे. दर मार्चला ते सांगलीहून तीस क्विंटल हळकुंड आणतात, दळून विकतात. त्यातला वीस क्विंटलचा माल ठरलेल्या गिऱ्हाइकांचा : खानावळी, लोणचेवाले, कांदा-लसूण मसाला करणारे बचत गट. या मंडळींना आपल्या मालाचे दर आधी छापायचे असतात, म्हणून ते दिवाळीच्या सुमारासच उन्हाळ्याचा दर विचारतात आणि बापू तो लिहून देतात. उरलेली दहा क्विंटल हळद गल्ल्यावर सुटी विकली जाते. तिथे जो बाजार, तो दर.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात हळद 12,000 रुपये क्विंटल होती, म्हणजे किलोला 120. दळण, घट, वाहतूक आणि पॅकिंग धरून किलोमागे 25 रुपये खर्च. पंधरा रुपये सुटावेत म्हणून बापूंनी ठरलेल्या गिऱ्हाइकांना 160 चा दर दिला. हळद तेव्हा शेतात उभी होती. मे-जूनमध्ये लावलेलं पीक जानेवारीपासून निघतं, मग शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात येतं. मधल्या काळात पीक कमी असल्याच्या बातम्या आल्या आणि मार्चमध्ये भाव 15,000 झाला. बापूंना किलो 175 ला पडला. शब्द दिलेला होता, तो पाळला. दोन हजार किलोवर तीस हजार मिळायचे होते, तिथे तीस हजार गेले. गल्ल्यावरच्या मालाला काही झालं नाही, कारण तिथला दर बाजाराबरोबर चढला.

सांगलीच्या अडत्याने त्यांना नेमकं दुखणं दाखवलं. "बापू, विकायचा भाव तुम्ही दिवाळीला बांधता आणि घ्यायचा मार्चपर्यंत मोकळा सोडता. दोन्ही एकाच दिवशी बांधा."

दुसऱ्या ऑक्टोबरात बापूंनी तसंच केलं. मार्चमध्ये तीस क्विंटल राजापुरी हळद 14,000 ने उचलायची, असा सौदा अडत्याशी ठरला. दहा टक्के, म्हणजे 42,000 रुपये विसार दिला. चिठ्ठीवर फक्त भाव आणि वजन लिहून भागलं नाही. हळकुंड की गड्डा, पॉलिश किती, ओलावा किती चालेल, माल कोणत्या तारखेपर्यंत उचलायचा, गाडीभाडं कोणाचं, हे सगळं लिहिलं आणि नमुन्याची सीलबंद पिशवी दोघांकडे राहिली. भाव बांधलेला असला की प्रत ढिली ठेवून पैसे सोडवायचा मोह होतो, म्हणून ही काळजी.

ठरलेल्या गिऱ्हाइकांना बापूंनी 140 अधिक 25 अधिक 15, असा 180 चा दर दिला. त्या मार्चमध्ये पीक भरपूर आलं आणि भाव 11,000 वर घसरला. शेजारचा दुकानदार ताजी हळद स्वस्तात आणत होता आणि बापू 14,000 मोजून माल उचलत होते. फसलो, असंच त्यांना वाटलं.

वही उघडल्यावर चित्र वेगळं निघालं. ठरलेल्या वीस क्विंटलवर किलोला पंधरा रुपये, म्हणजे तीस हजार, जसेच्या तसे सुटले होते. तिथे भाव पडल्याने काही बिघडलं नव्हतं. खड्डा पडला होता गल्ल्यावर. शेजारी 150 ने विकत होता, तेव्हा बापूंनाही 150 च लावावा लागला; माल मात्र 165 ला पडलेला. हजार किलोवर पंधरा हजारांचं नुकसान.

या व्यवहाराचं मर्म इथे आहे. ज्या मालाचा विक्रीदर आधीच ठरला आहे, त्याची खरेदी बांधली की धोका जातो. ज्या मालाचा विक्रीदर बाजाराबरोबर हलतो, त्याची खरेदी बांधली की नवा धोका उभा राहतो, कारण तिथे खरेदी आणि विक्री आधीच एकमेकांबरोबर चढत-उतरत असतात. दहा क्विंटलचा सौदा करताना बापूंनी नकळत भाव वाढेल यावर पैसे लावले होते.

आता प्रश्न असा की भाव वाढला तर अडत्याचं काय? तो मुंबईच्या एनसीडीईएक्स या वायदे बाजारात आपली बाजू झाकतो. तिथे हळदीचा एक सौदा पाच टनांचा, म्हणजे पन्नास क्विंटलचा असतो. बापूंची गरज त्याहून कमी. अडत्या मात्र चार दुकानदारांची मागणी एकत्र करून तेवढी खरेदी करतो. हळद महागली तर दुकानदारांना स्वस्तात देताना होणारा तोटा त्याला वायद्याच्या नफ्यातून भरून मिळतो. भाव पडला तर उलट होतं, आणि तेव्हा वायद्यातला फरक त्याला रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो. छोट्या दुकानदाराला झेपत नाही ती ही रोजची रोकड, म्हणून बापूंसाठी अडत्याशी केलेला साधा सौदाच बरा. अडत्याचंही संरक्षण पुरेपूर नसतं. वायद्याचा मूळ भाव निजामाबादच्या हळदीचा असतो आणि सांगलीची राजापुरी दर वेळी तेवढ्याच रुपयांनी वर-खाली होत नाही.

बापूंपुढे उरतो तो धोका माणसाचा. भाव चढल्यावर अडत्याने हात वर केले तर सौदा गरजेच्या वेळीच तुटतो. त्याची चाहूल आधी लागू शकते. एनसीडीईएक्सवर एप्रिलच्या वायद्याचा भाव कोणालाही पाहता येतो. अडत्या त्यापेक्षा बराच खालचा भाव देत असेल, तर बहुधा त्याने आपली बाजू झाकलेली नाही आणि मंदीच्या आशेवर तो बसला आहे. प्रत लिहून द्यायला टाळाटाळ करणं किंवा पूर्ण रक्कम आधी मागणं, याही धोक्याच्याच खुणा. शिवाय माल खरोखर द्यायचा-घ्यायचा असेल तरच सौद्याला अर्थ आहे. माल न हलवता नुसता भावातला फरक मिटवायचा, असं दोघांनी ठरवलं तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे ती पैज ठरते आणि न्यायालयातून वसूल होत नाही.

तिसऱ्या ऑक्टोबरात बापूंनी आधी गिऱ्हाइकांच्या मागण्या लिहून घेतल्या. बेरीज अठरा क्विंटल झाली. अडत्याने वीसचा आग्रह धरला, "शेठ, दर लिहून दिलाय तेवढीच," म्हणत त्यांनी अठराचीच चिठ्ठी केली. उरलेली बारा क्विंटल मार्चमध्ये चालू भावाने घ्यायची ठरली. मार्चमध्ये भाव कुठेही गेला तरी लिहून दिलेल्या मालावर किलोमागे पंधरा रुपये सुटणार, हे त्यांना दिवाळीतच माहीत होतं. भाव पडला तर बांधलेल्या मालावर जादा नफा मिळणार नव्हता, आणि ती किंमत त्यांनी समजून मोजली.