नजात आणि मोक्ष: तुलना करायची, पण दोन्हींचा लगदा करायचा नाही

गेल्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी निबंध दाखवायला आली. विषय होता ‘दोन धर्मपरंपरांतील मुक्तीची कल्पना’. पहिलेच वाक्य असे: ‘इस्लाममध्ये ज्याला नजात म्हणतात त्यालाच हिंदू धर्मात मोक्ष म्हणतात.’ पुढची चार पाने याच एका वाक्याचा विस्तार होती. शेवट अर्थातच ‘रस्ते वेगळे, मंजिल एक’.

मुलीचा हेतू चांगला होता. आजूबाजूचे वातावरण असे की, कुणाचे मन दुखू नये म्हणून तिने फरक पुसून टाकले होते. पण आम्ही तिला विचारले, हा निबंध तुझ्या दादीला आणि शेजारच्या माळकरी आजोबांना वाचून दाखवलास तर काय होईल? ती जरा थांबली. म्हणाली, ‘सर, दोघंही म्हणतील, हे आमचं नाही.’

आता उलटा धोका बघा. आम्ही शाळेत असेही निबंध वाचले आहेत, ज्यांत पहिली बाजू वकिलाची आणि दुसरी आरोपीची असते. म्हणून हा निबंध नव्याने कसा बांधला, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. आपल्या घरातल्या अकरावी-बारावीच्या किंवा बी. ए.च्या मुलांना उपयोगी पडेल.

आधी विषय लहान करा

‘इस्लाम आणि हिंदू धर्म’ हा चार पानांचा विषयच नाही. हिंदू परंपरेत अद्वैत वेदान्ताचा मोक्ष वेगळा आणि भक्तिमार्गाची मुक्ती वेगळी. आपल्याकडेही मोठे पाप करून तौबा न करता मेलेल्या मुसलमानाचे काय होईल, यावर मुअ्तजिला आणि अशअरी विद्वानांचे मतभेद झाले. मुअ्तजिला म्हणत, त्याला जहन्नममधून सुटका नाही. अशअरी म्हणत, तो अल्लाहच्या मर्जीवर आहे, ईमान असेल तर अखेर सुटेल.

म्हणून आम्ही दोन ठोस गोष्टी निवडल्या: एकीकडे कुरआनातली नजातीची कल्पना आणि दुसरीकडे सतराव्या शतकातल्या तुकोबांच्या अभंगांतली मुक्तीची कल्पना. दोन्ही मजकूर मराठीत मिळतात, आणि मुलगी स्वतः वाचू शकते. तिने शीर्षकातही हीच दोन नावे घातली. शीर्षकात जेवढे आहे तेवढ्याचीच जबाबदारी निबंधावर येते.

मग चार प्रश्न मांडा

तुलना बिघडते ती बहुतेक प्रश्नांपाशी. आपण सहज विचारतो, ‘त्यांच्यात गुनाह माफ कसा होतो?’ हा प्रश्न आपल्या घरचा आहे. तो दुसऱ्याला लावला की त्याचे उत्तर अर्धवटच दिसणार. माळकरी आजोबा विचारतील, ‘तुमच्यात जन्म-मरणाचा फेरा कसा चुकतो?’ यावर आपल्याकडे उत्तरच नाही, कारण आपल्याकडे फेराच नाही. म्हणून दोघांनाही सारखेच लागू पडतील असे साधे प्रश्न घ्यायचे: सुटका कशातून? सुटतो कोण? सुटतो कशाने? आणि सुटून पोहोचतो कुठे?

वहीचे पान उभे दुमडून दोन रकाने करायचे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या त्या परंपरेच्या शब्दांत लिहायचे. तिच्या वहीत आले ते असे.

कशातून? कुरआनात सुटका आहे ती आखिरतच्या अजाबातून, तोट्यात पडण्यातून. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच जगतो आणि कयामतच्या दिवशी हिशोब देतो. आदमची तौबा कबूल झाली, म्हणून बाळ कुणाचे पाप घेऊन जन्मत नाही आणि कुणी दुसऱ्याचे ओझे उचलत नाही. तुकोबांच्या परंपरेत सुटका आहे ती संसाराच्या बंधनातून, कर्मामुळे पुन्हा पुन्हा येणाऱ्या जन्मांतून.

कोण? आपल्याकडे सुटतो तो बंदा, आणि जन्नतमध्येही तो बंदाच राहतो, रब रबच राहतो. तिकडे जीव सुटतो. पण देवापाशी पोहोचल्यावर तो वेगळा उरतो की एकरूप होतो, यावर परंपरेतच अनेक उत्तरे आहेत. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या जातात त्या याचमुळे. देवाच्या लोकात राहणे ही पहिली, देवात मिळून जाणे ही शेवटची.

कशाने? इथे दोन्ही रकाने जवळ आले. ईमान आणि नेक अमल हवेतच, पण केवळ अमलाच्या जोरावर कुणी जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहची रहमत लागेल, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तुकोबाही स्वतःच्या साधनेवर भिस्त ठेवत नाहीत. नामस्मरण, संतांची संगत आणि विठ्ठलाची कृपा हा त्यांचा आधार आहे.

साम्य दिसले की लगेच थांबा

रहमत आणि कृपा हे शब्द शेजारी दिसले आणि आमची विद्यार्थिनी खूश झाली. तिने लिहिले, ‘दोन्हीकडे देवाची दया हाच मार्ग आहे.’ वाक्य खोटे नाही, पण सपाट आहे. सपाट वाक्य ओळखायची एक साधी परीक्षा आम्ही मुलांना सांगतो. वाक्यातल्या दोन्ही परंपरांची नावे आपसांत बदलून बघा. वाक्य जसेच्या तसे खरे राहिले तर ते कुणाबद्दलच काही सांगत नाही.

तिने ते दुरुस्त केले: ‘दोन्हीकडे माणसाची कमाई अपुरी आहे. पण रहमत ही हिशोब घेणाऱ्या मालिकची आपल्या जबाबदार बंद्यावरची मेहेरबानी आहे, तर कृपा ही बंधनात अडकलेल्या जिवाला देवाने आपल्याकडे ओढून घेणे आहे.’ आता नावे बदलता येत नाहीत. साम्य लिहायचेच, पण ते कुठपर्यंत जाते ते त्याच परिच्छेदात सांगायचे. आधी साम्याचे पान आणि नंतर फरकाचे पान असे केले, तर वाचणाऱ्याच्या लक्षात साम्यच राहते.

निबंधाचा कणा: परत येण्याची मागणी

चौथ्या प्रश्नापाशी, म्हणजे ‘पोहोचतो कुठे?’पाशी, निबंधाला त्याचा खरा मुद्दा सापडला.

तुकोबांची एक प्रार्थना कीर्तनाच्या शेवटी म्हटली जाते आणि शाळेत आपल्या मुलांनाही पाठ असते. तीत ते देवाकडे त्याचा विसर पडू नये एवढेच दान मागतात. मुक्ती नको, संपत्ती नको, संतांची संगत दे, आणि मग खुशाल पुन्हा गर्भवासाला घाल, असा तिचा भाव आहे. म्हणजे ज्या फेऱ्यातून सुटायचे, तोच फेरा भक्तीसाठी पुन्हा मागितला आहे. प्रेमाच्या पुढे मुक्तीसुद्धा लहान ठरते.

आता सूरह अल्-मूमिनून, आयत ९९ आणि १०० काढा. तिथेही एक माणूस परत पाठवण्याची विनंती करतो. मौत समोर आल्यावर तो म्हणतो, रब्बा, मला परत पाठव, जे सोडून आलो तिथे नेकी करीन. त्याला नकार मिळतो. त्याच्यापुढे बरजखचा पडदा आहे, पुन्हा उठवले जाण्याच्या दिवसापर्यंत.

मागणी तीच, पण एका ठिकाणी ती वेळ घालवून बसलेल्याची आर्त हाक आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती भक्ताची सर्वात गोड मागणी आहे. असे का? कारण एकीकडे आयुष्य ही एकच संधी आहे, म्हणून तिचे मोल इतके. दुसरीकडे जन्म अनेक आहेत, म्हणून त्यांतला एक आनंदाने देवाच्या नावाने मागता येतो. विद्यार्थिनीने हेच निबंधाचे मुख्य विधान केले आणि बाकीचे तीन प्रश्न या विधानाकडे नेणाऱ्या पायऱ्या केल्या.

विरुद्ध जाणारा पुरावा लपवू नका

कच्चा निबंध आम्ही आमच्या ओळखीच्या एका मौलाना साहेबांना दाखवला. त्यांनी लगेच बोट ठेवले: ‘हदीसमध्ये आहे ना, जन्नतमध्ये गेलेला कुणीही दुनियेत परत यायची इच्छा करणार नाही, शहीद सोडून. शहादतीचा मान बघून तो पुन्हा जायची तमन्ना करील.’ म्हणजे आपल्याकडेही परत येण्याची मागणी नेहमीच पश्चात्तापाची नाही. पण ती इच्छाच राहते, परतीचा दरवाजा उघडत नाही. गाथेच्या बाजूनेही अडचण आहे. तिच्यात चार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि काहींत तुकोबा जन्म-मरणाच्या त्रासातून सोडव असे देवाला कळवळून सांगतात. एका प्रार्थनेवरून सगळे तुकोबा सांगता येत नाहीत.

मुलीला वाटले, निबंध पडला. आम्ही म्हटले, दोन वाक्ये वाढव, विधान जरा मऊ कर. ‘तुकोबांना मुक्ती नकोच होती’ हे खोडून तिने लिहिले, ‘तुकोबांच्या काही अभंगांत भक्ती मुक्तीपेक्षा वर जाते.’ विधान लहान झाले, पण आता ते कुणी खोडून काढू शकत नव्हते.

शेवट कसा करायचा

शेवटच्या परिच्छेदात कोण बरोबर हा निकाल द्यायचा नाही. तो ईमानाचा प्रश्न आहे आणि आपले उत्तर आपल्याजवळ आहेच. तुलनेच्या निबंधाला विचारलेले असते ते, दोघे काय म्हणतात आणि कुठे वेगळे होतात. ‘मंजिल एक’ हाही निकालच असतो, फक्त तो गोड आवाजात दिलेला असतो.

एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे आधी कडकडून भांडतात, एकमेकांच्या रीतींवर बोट ठेवतात आणि मग गळाभेट होते. भांडणाचा भाग काढून टाकला असता तर त्या गळाभेटीला काय किंमत राहिली असती?

आमच्या विद्यार्थिनीने पक्का निबंध दोन घरी वाचून दाखवला. आजोबांनी ‘कृपा’च्या परिच्छेदात एक शब्द बदलायला लावला. दादीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘वो बुजुर्ग फिर से पैदा होना क्यूँ माँगते थे?’ मुलीला ते समजावून सांगायला अर्धा तास लागला. पहिल्या निबंधातून असा प्रश्न कधीच निघाला नसता.