शीर्षकात रहस्य फुटू नये म्हणून

२०२० साली आलेली ‘समांतर’ सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर बेतलेली आहे. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं, आणि कुमार महाजनच्या भूमिकेत स्वप्नील जोशी. आपण जगतोय ते आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाने आधीच जगून संपवलंय, असं कुमारला कळतं. एवढं ट्रेलरमध्येच सांगितलेलं आहे, म्हणजे परीक्षणाच्या शीर्षकालाही तेवढी मुभा आहे. त्यापुढचं काहीच नाही.

आता हे शीर्षक पाहा : ‘समांतर : शेवटी जबरदस्त धक्का, नक्की पाहा!’ यात कथेतली एकही घटना नाही, तरी नुकसान झालंच. शेवटी काहीतरी उलटणार हे एकदा कळलं की प्रेक्षक प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसतो. ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ हेही तसंच. परीक्षण उघडायचं की नाही हे वाचकाच्या हातात असतं; शीर्षक मात्र नजर पडताक्षणीच वाचून होतं. म्हणून इथली चूक मला जास्त गंभीर वाटते.

मग निकाल द्यायचा कशावर? अभिनय, वेग, संवाद, लांबी यांवर. मी लिहीन : ‘समांतर, सीझन १ (मराठी) : कल्पना भन्नाट, वेग मात्र कमी’. नाव सगळ्यात आधी, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. त्यामागे सीझन, कारण दुसऱ्या सीझनचं दिग्दर्शन समीर विद्वांस यांनी केलंय आणि पहिल्याचं मत त्याला चिकटवता येत नाही.

भाषा कशाला, असं कोणी विचारलं तर ‘द नाइट मॅनेजर’ आठवावी. याच नावाची एक मालिका ब्रिटिश, २०१६ची, टॉम हिडलस्टनची. दुसरी हिंदी, २०२३ची, आदित्य रॉय कपूरची. शीर्षकात फक्त नाव आणि ‘चुकवू नका’ असेल, तर वाचक भलतीच मालिका लावून बसेल. शिवाय हिंदीतली दोन भागांत आली, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. फेब्रुवारीत लिहिणाऱ्याला निकाल फक्त पहिल्या भागाचा देता येत होता, आणि शीर्षकात तसं म्हणणं भाग होतं. मालिका डब केलेली पाहिली असेल तर तेही लिहावं : ‘डार्क (जर्मन, इंग्रजी डबिंगमध्ये पाहिली)’. संवाद कृत्रिम वाटले तर दोष लेखनाचा की डबिंगचा, हे वाचकाला त्यावरून ताडता येतं.

शीर्षक तयार झालं की मी ते मालिकेचा फक्त पहिला भाग पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवते. ‘म्हणजे पुढे तो...’ असं त्याने वाक्य सुरू केलं, की ज्या शब्दावरून त्याला ते सुचलं तो शब्द काढते. बहुतेक वेळा तो एखादं विशेषण असतो. ‘दुःखद’, ‘सूडाची’, ‘अनपेक्षित’.