छतावरचा पाऊस

‘ब्लेड रनर’ (1982) या चित्रपटातला खलनायक रॉय बॅटी हा कारखान्यात घडवलेला माणूस. आयुष्य जेमतेम चार वर्षांचं. शेवटी तो पावसात छतावर बसतो, हातात कबुतर. ज्या शिकाऱ्याला नुकतंच मरणातून वर ओढलं, त्याच्याशी बोलतो.

आपल्या निर्मात्याला मारलं, सोबती गेले, यातलं काहीच तो उगाळत नाही. ते आपण पाहिलेलंच असतं. तो सांगतो अंतराळात पाहिलेली दृश्यं, जी पडद्यावर कधीच आली नाहीत. जखम तिथेच उघडी पडते: एवढं पाहिलं, आणि ते माझ्याबरोबरच संपणार. मग त्याचा आधीचा सगळा आटापिटा कळतो. मला वाटतं, शिकाऱ्याला वाचवण्यामागेही हेच असावं. पाहिलेलं ऐकायला कुणीतरी उरायला हवं.

पटकथेतलं भाषण यापेक्षा लांब होतं. अभिनेता रुटगर हाउअर यांनी चित्रीकरणापूर्वी त्याला कात्री लावली आणि अश्रूंची ती प्रसिद्ध ओळ स्वतः जोडली. उरली मोजकी वाक्यं. त्यांत एकही ‘कारण’ नाही. शिकारी उत्तर देत नाही, नुसता बघत राहतो. रॉयची मान खाली झुकते, कबुतर उडून जातं.