मुलतानी मातीचा फेसपॅक : घड्याळ नको, हाताला विचारा!

कोणत्या त्वचेला चालतो, कोणाला त्रास होतो आणि चंदन-गुलाबजल घेताना काय पाहायचे? जाणून घ्या सविस्तर

वणी : मे महिना, पारा 45 अंशांच्या आसपास, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकची वर्दळ आणि घरी आल्यावर चेहऱ्यावर तेलात मिसळलेला काळपट धुळीचा थर. वणी परिसरातल्या अनेक घरांत यावर ठरलेला उपाय म्हणजे मुलतानी माती, चंदन आणि गुलाबजलाचा लेप. मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक रेसिपी सांगतात, ‘लेप लावा आणि 20 मिनिटे वाळू द्या.’ मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे कदाचित निभावेल. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र पंख्याखाली बसलात, तर तोच पातळ थर पाच-सात मिनिटांत वाळून कडक होतो. उरलेला वेळ माती फायदा करत नाही, चेहऱ्यातला ओलावा खेचत बसते.

त्वचा ताणली गेली, की ‘पॅक काम करतोय’ असे अनेकांना वाटते. खरे तर तिथूनच नुकसानाला सुरुवात होते.

मुलतानी माती नेमके करते काय?

ही अतिशय बारीक कणांची चिकणमाती आहे. मुलतान शहरावरून तिला हे नाव पडले असले, तरी भारतात तिचे मोठे साठे राजस्थानात, बाडमेर-बिकानेरच्या पट्ट्यात आहेत. पूर्वी लोकरीतला चिकट तेलकटपणा काढण्यासाठी ही माती वापरत. चेहऱ्यावरही ती तेच करते. तिचे कण त्वचेवरचे तेल स्वतःकडे ओढून धरतात आणि धुताना ते तेल मातीबरोबर निघून जाते.

लेप ओला असतो तोपर्यंत त्यात पाणी भरपूर असते, त्यामुळे माती मुख्यतः तेल उचलते. लेपातले पाणी उडाले, की कोरडी माती त्वचेच्या वरच्या थरातला ओलावा शोषू लागते. शिवाय वाळताना ती आकसते आणि त्वचेला ताण देते. मग धुतल्यावर चेहरा लाल होणे, गालांवर खडबडीतपणा येणे, दुसऱ्या दिवशी नाकाच्या कडेला सालपटे निघणे हे प्रकार सुरू होतात.

या लेपाने रंग उजळतो का? नाही. त्वचेचा रंग ठरवणारे रंगद्रव्य आतल्या पेशींत तयार होते, वरून लावलेली माती तिथे पोहोचत नाही. पॅकनंतर चेहरा तजेलदार दिसतो, कारण तेल आणि मळ निघालेला असतो. वांग किंवा जुने काळे डाग याने जात नाहीत.

तुमची त्वचा कोणती? तासाभरात ओळखा

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. त्यानंतर साधा टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि गालांवर वेगवेगळा दाबून पाहा.

* सगळीकडे तेलाचे डाग आले तर त्वचा तेलकट. या लोकांना मुलतानी माती सर्वांत जास्त मानवते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे.
* फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर डाग आणि गाल कोरडे असतील, तर त्वचा मिश्र. लेप फक्त तेलकट भागावरच लावा.
* डाग नाहीत आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तर त्वचा कोरडी. मुलतानी माती टाळलेलीच बरी. दही किंवा मध मिसळल्याने तिचा शोषण्याचा गुण संपत नाही.
* साध्या साबणानेही चेहरा चुरचुरतो, लाल होतो, इसब किंवा ॲलर्जीचा त्रास आहे, अशांची त्वचा संवेदनशील. त्यांनी हा लेप लावू नये.

हा प्रकार ऋतूनुसार बदलतो, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात तेलकट वाटणारा चेहरा डिसेंबरच्या कोरड्या थंडीत फुटू लागतो. तेव्हा तोच पॅक बंद करावा लागतो.

चंदन : पुडीतले की सहाणेवरचे?

खऱ्या पांढऱ्या चंदनाचा सुगंध झाडाच्या गाभ्यात असतो आणि तो गाभा भरायला बरीच वर्षे लागतात. म्हणूनच चंदन महाग आहे. अगदी थोड्या पैशांत मिळणाऱ्या मोठ्या पुडीत खरे चंदन किती असेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. अशा भुकटीत साधा लाकडाचा भुसा आणि वरून कृत्रिम सुगंध असू शकतो. पुडी फोडताच उग्र वास येत असेल आणि पाणी घातल्यावर तो लगेच विरत असेल, तर शंका घ्यावी. रक्तचंदन हे तर वेगळेच झाड आहे. त्याला चंदनाचा वास नसतो.

घरी देवघरात सहाण आणि चंदनाचे खोड असेल, तर तेच जास्त खात्रीचे. मात्र सहाणेवर कुंकू, अष्टगंध किंवा औषधी मुळ्या उगाळत असाल, तर ती आधी स्वच्छ घासून घ्या. कुंकवातल्या रंगाची ॲलर्जी अनेकांना असते.

चंदनाने गार वाटते, हे खरे. पण अस्सल चंदनही काहींना मानवत नाही. त्यातल्या सुगंधी तेलाने खाज, पुरळ किंवा काळसर डाग येऊ शकतात. चंदनाचे विकतचे तेल तर थेट चेहऱ्यावर कधीच लावू नये.

गुलाबजल : पूजेचे वेगळे, चेहऱ्याचे वेगळे

कन्नौजसारख्या ठिकाणी गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात उकळून, त्याची वाफ थंड करून खरे गुलाबजल काढतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत मात्र पाणी, कृत्रिम सुगंध आणि टिकवण्यासाठी घातलेली रसायने असतात. समारंभात शिंपडायचे किंवा पूजेचे गुलाबजल चेहऱ्यासाठी बनवलेलेच नसते. बाटलीवर घटकांची यादी, मुदत आणि ‘त्वचेसाठी’ असा उल्लेख पाहा. यादीच नसेल, तर ती बाटली चेहऱ्यासाठी घेऊ नका.

पॅकमध्ये गुलाबजलाचे काम माती भिजवण्याचे आणि ओली ठेवण्याचे. ते नसेल तर उकळून गार केलेले पाणीही तेवढेच चालते. डोळ्यांत गुलाबजल घालण्याची सवय मात्र सोडावी. उघडलेल्या बाटलीतून डोळ्यांत जंतुसंसर्ग जाऊ शकतो.

एक उदाहरण पाहू

समजा, राजूर कॉलरीहून रोज स्कूटीने वणीच्या कॉलेजला येणारी 19 वर्षांची मुलगी आहे. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे, म्हणजे मिश्र त्वचा. तिने काय करावे?

आधी चाचणी. तयार लेप कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा लावून 10 मिनिटांनी धुवायचा. ॲलर्जी लगेच दिसेलच असे नाही, ती दोन-तीन दिवसांनीही उठते. म्हणून 72 तास वाट पाहायची. खाज, लाली, पुरळ नसेल तरच चेहऱ्याचा विचार.

मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आधी चेहरा फेसवॉशने नीट धुवायचा. ही पायरी चुकवू नये. धूळ तशीच ठेवून वर माती लावली, तर काढताना तेच कण चेहऱ्यावर घासले जातात.

दोन चमचे माती घ्यायची. ओली करून चिमटीत चोळल्यावर करकर लागली, तर त्यात वाळू आहे, ती चेहऱ्याला नको. त्यात सहाणेवर उगाळलेले अर्धा चमचा चंदन आणि दह्याइतके दाट होईल एवढे गुलाबजल, साधारण दोन-तीन चमचे. पाच मिनिटे भिजू द्यायचे. लेप फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर लावायचा. डोळ्यांखाली आणि ओठांभोवती नाही.

आता वेळ. पंखा बंद करायचा. दर दोन मिनिटांनी कडेला बोट लावून पाहायचे. बोटाला ओले लागते तोवर ठीक. कडा फिकट पडू लागल्या, की गुलाबजल किंवा पाणी शिंपडायचे. एकूण 8 ते 10 मिनिटांत, लेप ओलसर असतानाच भरपूर पाण्याने सैल करून धुवायचा. खरवडायचा नाही, टॉवेलने रगडायचा नाही. चेहरा ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर. उरलेला लेप फेकून द्यायचा. फ्रिजमध्ये ठेवला तरी ओल्या मातीत जंतू वाढतातच.

यांनी पॅकपासून दूर राहा

पिंपल्ससाठी ॲडापालिन, ट्रेटिनॉइन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम सुरू असेल, तर त्वचा आधीच कोरडी झालेली असते. त्यावर माती म्हणजे दुहेरी मारा. पिकलेले, पू भरलेले किंवा दुखणारे मोठे फोड असतील, तरी पॅक नको. त्यावर औषधच लागते.

सर्वांत जास्त सावध राहावे ते मेडिकलमधून स्वतःहून आणलेली ‘गोरेपणाची’ मलमे लावणाऱ्यांनी. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असते. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. अशा चेहऱ्यावर साधा लेपही झोंबतो. दोष मातीचा वाटतो, पण मूळ दुखणे मलमाचे असते. असे मलम सुरू असेल, तर परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

लेपात लिंबू पिळण्याची सवयही घातक. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे कित्येक आठवडे काळे डाग राहतात. वणीच्या उन्हात हा धोका जास्तच.

जळजळ झाली तर?

लावताना किंचित गार वा हलके चुरचुरणे मिनिटभरात थांबले, तर काळजी नाही. जळजळ वाढत गेली, तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच धुवा. त्यानंतर फक्त गार पाण्याची पट्टी आणि साधे मॉइश्चरायझर. त्यावर हळद, कोरफड, दुसरा कोणताही घरगुती लेप लावू नका. नेमके कशाने झाले, हे मग कळणारच नाही.

साधी लाली दिवसभरात उतरते. ती दोन दिवसांनंतरही टिकली, पाणी भरलेले फोड आले किंवा डोळ्यांभोवती सूज आली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना माती, चंदनाची पुडी आणि गुलाबजलाची बाटली सोबत न्या. तिघांपैकी दोषी कोण, हे शोधायला त्याचीच मदत होईल.