मामाच्या मुलीशी लग्न आणि १/१६ चं गणित

दहावीला आनुवंशिकता शिकवताना मुलं हमखास विचारतात, ‘मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मूल आजारी होतं का?’ आपल्याकडे अशी लग्नं रूढ आहेत, त्यामुळे प्रश्न घरचाच असतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्यापेक्षा कागदावर वंशावळ काढून दाखवा.

वर आजोबा आणि आजी. त्यांना एक मुलगी, एक मुलगा. मुलीचा मुलगा आणि मुलाची मुलगी यांचं लग्न झालं. त्यांना बाळ झालं. आजोबांपासून निघालेल्या दोन वाटा बाळापाशी पुन्हा एकत्र येतात, हेच वंशावळीतलं वळसा घालून बंद झालेलं कडं.

आता आजोबांच्या एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक प्रत धरा. ती पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता दर वेळी निम्मी. आजोबा ते मुलगी, मुलगी ते नातू, नातू ते बाळ असे तीन टप्पे, म्हणून १/८. दुसऱ्या वाटेनेही १/८. तीच प्रत दोन्ही वाटांनी येण्याची शक्यता १/८ × १/८ = १/६४. आजोबांकडे अशा दोन प्रती आहेत, म्हणून १/३२. आजीकडूनही तेवढंच. बेरीज १/१६. यालाच अंतःप्रजनन गुणांक म्हणतात.

इथे मुलांची गल्लत होते. १/१६ म्हणजे सोळातलं एक मूल आजारी, असं नाही. बाळाच्या कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून आलेल्या असण्याची ती शक्यता आहे. ती प्रत निर्दोष असेल तर काहीच बिघडत नाही. अप्रभावी आजार मात्र दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होतो, म्हणून धोका वाढतो.

किती वाढतो? समाजात शंभरातली एक प्रत सदोष आहे असं माना. नात्याबाहेरच्या लग्नात बाळाला धोका १/१०० × १/१००, म्हणजे दहा हजारांत एक. आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात १/१६ × १/१०० × ९९/१०० ची भर पडते. एकूण दहा हजारांत साधारण सात. पण दहातली एक प्रत सदोष असेल, तर धोका शंभरात एकवरून जेमतेम दीडवर जातो. म्हणजे आजार जितका दुर्मिळ, तितका नात्यातल्या लग्नाचा फरक मोठा.

एक मर्यादा सांगायलाच हवी. आजी-आजोबा स्वतःच नात्यातले असतील, तर आणखी कडी तयार होतात आणि गुणांक १/१६ पेक्षा वाढतो.

पालकांसाठी एवढंच: रक्तगट जुळला म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा याच्याशी संबंध नाही. घराण्यात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर लग्नाआधी दोघांचीही वाहक-तपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक असतो, मग नातं असो वा नसो.