नुसतं ‘काका’ नको, विनायककाका

साखरपुड्याचा हॉल. मुलाकडची मंडळी येऊन बसली आहेत आणि कुणीतरी मुलीच्या बहिणीला भराभर ओळख करून देतंय. हे मुलाचे काका, विनायक. या शैलाकाकू. ही सुनंदामावशी, हा तिचा निखिल. या मंगलआत्या आणि हे त्यांचे यजमान, प्रकाशराव. बहीण प्रत्येकाला वाकून नमस्कार करते, ‘मी मुलीची मोठी बहीण’ असं सांगते. पाच मिनिटांनी सरबताचा ट्रे घेऊन येते तेव्हा आत्या कोण, काकू कोण हे तिला पक्कं माहीत असतं. नावं मात्र सहापैकी जेमतेम एक आठवतं.

चेहरा आणि नातं राहतं, नाव जातं. असं का होतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली ब्रिटनमध्ये एक छान प्रयोग केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. युक्ती अशी की, काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर एका चेहऱ्याबरोबर सांगितलं, ‘यांचं आडनाव सुतार’. दुसऱ्याबरोबर सांगितलं, ‘हे सुतारकाम करतात’. शब्द एकच, पण व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा तो कितीतरी जास्त जणांच्या लक्षात राहिला. सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, अर्धवट झालेलं कपाट असं बरंच काही डोळ्यांपुढे येतं आणि त्यातल्या कशालाही धरून तो माणूस आठवता येतो. आडनावाला असं धरायला काही नसतं. ‘मुलाची आत्या’ म्हटलं की घरातली तिची जागा कळते. ‘मंगल’ म्हटल्यावर तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

पण साखरपुड्यातल्या बहिणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली असते. काही नावं ती विसरलेली नसतेच. ती तिच्या डोक्यात शिरलेलीच नसतात. १९७३ साली माल्कम ब्रेनर या संशोधकाने लोकांना पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले. नंतर विचारलं तेव्हा, आपली पाळी येण्याच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. आपण काय बोलायचं, कसं बोलायचं याकडे लक्ष लागलं की समोरचं कानावर पडून वाहून जातं. ओळख करून देताना नेमकं हेच होतं: समोरची व्यक्ती नाव सांगते त्याच क्षणी आपण हात जोडायच्या आणि स्वतःचं वाक्य म्हणायच्या तयारीत असतो. म्हणून आपलं वाक्य आधीच ठरवून ठेवावं आणि नाव ऐकताना फक्त चेहऱ्याकडे बघावं. ऐकू आलं नाही तर तिथल्या तिथे विचारावं, ‘नाव नीट कळलं नाही, पुन्हा सांगाल?’ पहिल्या मिनिटाला या प्रश्नाचं कुणालाच काही वाटत नाही. तासाभराने मात्र तोच प्रश्न जड जातो.

आत शिरलेलं नाव टिकवायचं कसं? बहुतेक जण ते मनात घोकतात: मंगल, मंगल, मंगल. याचा उपयोग फार थोडा, कारण नाव तेव्हा समोरच असतं. आठवण्याचं काम होतच नाही. उपयोग होतो तो नाव क्षणभर बाजूला जाऊ देऊन मग स्वतःहून आठवण्याचा आणि दर वेळी मधला अवधी वाढवत नेण्याचा. टॉमस लँडॉअर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी १९७८ साली नावांवरच प्रयोग करून हे दाखवलं. पुढे इंग्लंडमधल्या पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रिट्झ यांनी खऱ्याखुऱ्या पार्टीत ते तपासलं. काही जणांना नावाचं चित्र मनात रंगवायला सांगितलं होतं, काहींना नाव वाढत्या अंतराने आठवायला. स्मरणशक्तीच्या पुस्तकांतून ज्याचा भरपूर पुरस्कार होतो त्या चित्राच्या युक्तीचा भर पार्टीत काही फायदा दिसला नाही. आठवून पाहणाऱ्यांना मात्र बरीच जास्त नावं सांगता आली. हे समजण्यासारखं आहे. गप्पा मारता मारता चित्र रंगवायला सवड कुणाला असते?

आता बहिणीकडे परत येऊ. सहा नावं एका दमात घेऊ नयेत. आधी तिघांशी दोन-दोन वाक्यं बोलावं, मग उरलेल्या तिघांकडे वळावं. ओळख झाल्यावर अर्ध्या मिनिटाने, पाठ फिरवताना, ते चेहरे डोळ्यांपुढे आणून नावं आठवावीत. सरबत देताना पुन्हा. ओटी भरायच्या वेळी पुन्हा, मग घरी परतताना गाडीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक खेपेला फार तर काही सेकंद लागतात. एक फसगत मात्र ओळखायला हवी. मंडळी ओळीने बसली होती म्हणून आपण नावांचा क्रमच पाठ केलेला असतो. जेवायला उठून सगळे इकडेतिकडे झाले आणि नावांचा गोंधळ उडाला, तर चेहरे शिकायचे राहिले असं समजावं. म्हणून आठवताना क्रम मोडावा आणि शेवटच्या माणसापासून सुरुवात करावी.

नाव तोंडाने घेणं हेही आठवणंच आहे आणि इथे आपली मराठी रीत आड येते. काका, मावशी, वहिनी, दादा, नाहीतर नुसतं ‘अहो’ यांवर आपलं वर्षानुवर्षं भागतं. शेजारच्या काकूंशी दहा वर्षं रोज बोलूनही त्यांचं नाव ठाऊक नसलेली माणसं मी पाहिली आहेत. नाव घ्यायची वेळच आली नाही, तर ते पक्कं व्हायचं कसं? वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आपल्याकडे बसत नाही आणि तशी गरजही नाही. नात्याला नाव जोडलं की काम होतं: विनायककाका, मंगलआत्या.

तरी दर वाक्यात नाव घातलं की काहीतरी विकायला आल्यासारखं वाटतं. मराठी बोलण्यात नाव सहज बसतं अशा जागा मोजक्या आहेत. लांबून हाक मारताना: ‘मंगलआत्या, इथे पंख्याखाली बसा ना.’ दुसऱ्याचं बोलणं सांगताना: ‘मघाशी विनायककाका म्हणत होते, यंदा आंबा उशिरा आलाय.’ आणि सगळ्यांत चांगली जागा म्हणजे दोघांची ओळख करून देताना: ‘सुनंदामावशी, ही माझी मैत्रीण. निखिलच्याच कॉलेजात होती.’ इथे नाव घेतल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, त्यामुळे ते कुणाला मुद्दाम घेतल्यासारखं वाटत नाही.

खात्री नसेल तेव्हा ‘तुम्ही शैलाकाकू ना?’ असं विचारून टाकावं. चुकलं तर त्या लगेच सांगतात आणि दुरुस्ती वेळेत होते. अंदाजाने चुकीचं नाव दिवसभर मनात घोळू दिलं तर पुढच्या खेपेला तेच पुढे येतं.

लग्न महिन्यावर असेल तर एवढ्या अवधीत यातली दोन-तीन नावं पुसट होणारच. लग्नाच्या आदल्या आठवड्यात साखरपुड्याचे फोटो काढून बसावं आणि कुणाला काही न विचारता एकेका चेहऱ्याचं नाव सांगून पाहावं. जे अडेल ते तेवढं मुलीला विचारावं. तिला एव्हाना सगळ्यांची नावं पाठ झालेली असतात.