दाखल्यावरचा एक की नऊ?

लासुर्णे (ता. इंदापूर) परिसरातल्या एखाद्या शाळेचा हाताने लिहिलेला जुना दाखला आखाती देशात द्यायचा असला, की बहुतेक वेळा मोबाइलवर काढलेला त्याचा फोटोच अनुवादकाकडे पोहोचतो. अरबीचा प्रश्न नंतर येतो. आधी ते अक्षर नीट लागलं पाहिजे.

गैरसमज : फोटो मोठा करून पाहिला की सगळं वाचता येतं.

वस्तुस्थिती : फोटोत जे उतरलंच नाही, ते मोठं करून दिसत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि बारीक रेघा पुसट होतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. शाई उडाली असेल तर कागदावर एका बाजूने तिरपा उजेड पाडून पुन्हा फोटो काढायला सांगावं. बॉलपेनने दाबून लिहिलं असेल तर त्याचा खळगा कागदावर राहतो आणि तिरप्या उजेडात तो उठून दिसतो.

गैरसमज : मागचा-पुढचा संदर्भ पाहून राहिलेलं भरता येतं.

वस्तुस्थिती : संदर्भावरून अंदाज बांधता येतो, पण अंदाज म्हणजे वाचन नव्हे. समजा, जन्मवर्षाचा शेवटचा आकडा घाईत लिहिलाय. १९७१ की १९७९, कळत नाही. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरीही असते, म्हणून नजर तिकडे जाते. तिथे ‘एकोणीसशे एक’ एवढंच दिसतं आणि पुढचं शिक्क्याखाली गेलंय. एक्काहत्तर असो वा एकोणऐंशी, सुरुवात ‘एक’नेच होते. शिक्क्याबाहेर शेवटचा ‘शी’ डोकावत असता तर निकाल लागला असता. तो दिसत नसेल तर ‘१९७[१ किंवा ९?]’ असंच लिहावं. पासपोर्टवरचं वर्ष इथे आणून बसवू नये, कारण अनुवादात या कागदावर काय आहे तेच यायला हवं.

गैरसमज : आकडे जसेच्या तसे उतरवले की झालं.

वस्तुस्थिती : देवनागरी शून्य गोल असतं. अरबी लिपीतला पाचही गोलच असतो आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. १९७० मधला गोल तसाच उतरवला तर तिकडचा कारकून तो पाच समजू शकतो. म्हणून आधी मराठीत ओळीला ओळ लावून प्रत उतरवावी आणि मग अरबी करावं.

गैरसमज : न लागलेल्या शब्दाच्या जागी ठिपके दिले किंवा जागा मोकळी सोडली तरी चालतं.

वस्तुस्थिती : मोकळी जागा पाहून मूळ रकानाच कोरा आहे असं वाटतं. ठिपके दिसले तर अनुवादकाने मजकूर गाळलाय असं वाटतं. त्यापेक्षा चौकटी कंसात ‘गैर मक्रू’, म्हणजे ‘वाचता येत नाही’, असं अरबीत लिहून किती शब्द गेले आणि कशामुळे तेही द्यावं : ‘[दोन शब्द वाचता येत नाहीत, शिक्क्याखाली]’. शब्द लागला पण खात्री नसेल, तर तो लिहून पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकावं. या दोन खुणांची सरमिसळ करू नये. सही आणि शिक्का हेही कंसात नोंदवावेत.

जन्मवर्षच अडलं असेल तर अनुवादाआधी शाळेत जावं. दाखला जनरल रजिस्टरवरून उतरवलेला असतो, त्यामुळे मूळ नोंद तिथे पाहता येते आणि दाखल्याची दुसरी प्रतही मागता येते.